तापमानवाढीचा पल्ला कसा वाचावा?

९ ऑगस्ट २०२१ रोजी हवामान बदलावरील आंतरसरकारी समितीने, म्हणजे आयपीसीसीने, सहाव्या मूल्यांकन अहवालाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. धोरणकर्त्यांसाठी काढलेल्या त्याच्या सारांशात एक छोटा तक्ता आहे. या शतकाच्या शेवटी, म्हणजे २०८१ ते २१०० या वीस वर्षांत, पृथ्वीचे सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत किती वाढलेले असेल, हे त्यात पाच ओळींत सांगितले आहे. सर्वांत खालच्या ओळीत १.४ अंश आणि सर्वांत वरच्या ओळीत ४.४ अंश. प्रत्येक आकड्यापुढे कंसात एक पल्ला आहे. पहिल्या ओळीचा पल्ला १.० ते १.८ आणि शेवटच्या ओळीचा ३.३ ते ५.७.

हा तक्ता घाईने वाचला की त्याचा अर्थ असा लावला जातो: ‘शास्त्रज्ञ म्हणतात, तापमान एक अंशानेही वाढेल किंवा पावणेसहा अंशांनीही.’ मग पुढचा निष्कर्ष आपोआप येतो, की ज्यांना एक आणि पावणेसहा यांतला फरक सांगता येत नाही, त्यांच्या अंदाजावर विसंबायचे कसे? ही समजूत चुकीची आहे, आणि ती एका विशिष्ट कारणाने होते. त्या तक्त्यात दोन वेगवेगळ्या प्रकारच्या अनिश्चितता शेजारी-शेजारी मांडल्या आहेत. ओळ बदलली की बदलतो तो माणसाचा निर्णय. एका ओळीतल्या कंसात जी अनिश्चितता आहे, ती पृथ्वीच्या प्रतिसादाची. या दोन्ही एकत्र करून १ ते ५.७ असा एकच लांबलचक पल्ला तयार केला, तर त्याला काहीच अर्थ उरत नाही. त्या वेगळ्या ठेवल्या, तर तोच तक्ता स्पष्ट बोलू लागतो.

पाच कथा, पाच जगे

तक्त्यातल्या ओळींची नावे पाहिली तर ती सांकेतिक वाटतात: एसएसपी १-१.९, एसएसपी १-२.६, एसएसपी २-४.५, एसएसपी ३-७.०, एसएसपी ५-८.५. नावाचे दोन भाग आहेत. पहिला आकडा सांगतो की जगाची सामाजिक आणि आर्थिक वाटचाल कोणत्या कथेप्रमाणे होईल असे गृहीत धरले आहे. दुसरा आकडा सांगतो की त्या वाटचालीमुळे सन २१०० मध्ये पृथ्वीच्या ऊर्जेच्या जमाखर्चात किती जादा ऊर्जा जमेला पडेल.

कथा एकूण पाच आहेत आणि त्यांना ‘सामायिक सामाजिक-आर्थिक मार्ग’ म्हणतात. सामायिक अशासाठी, की हवामानाचे प्रारूप चालवणारा, शेतीवरचा परिणाम मोजणारा आणि ऊर्जेच्या खर्चाचा हिशेब करणारा, हे तिघेही एकाच गृहीतकांवर काम करतात. त्यामुळे त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी ताडून पाहता येतात. पहिल्या कथेत जग शिक्षण, आरोग्य आणि कमी उपभोग यांकडे वळते. दुसरीत आजचाच कल थोड्याफार फरकाने पुढे चालू राहतो. तिसरीत राष्ट्रे आपापल्या कोषात जातात, परस्पर सहकार्य आटते, शिक्षण आणि तंत्रज्ञान मागे पडते. चौथीत विषमता वाढत जाते. पाचवीत जग वेगाने श्रीमंत होते, पण कोळसा, तेल आणि वायू जाळून.

या कथा शब्दांवर थांबत नाहीत. त्यांचे आकडे केले जातात: लोकसंख्या किती, शहरात राहणारे किती, शिक्षण किती, दरडोई उत्पन्न किती. तिसऱ्या कथेत शतकाच्या शेवटी जगाची लोकसंख्या १२०० कोटींच्या वर जाते. पहिलीत ती ७०० कोटींच्या आसपास उतरते. पाचवीतही लोकसंख्या जवळपास तेवढीच राहते, कारण त्या जगातही मुली शिकतात आणि शहरे वाढतात. पहिल्या आणि पाचव्या जगांतला खरा फरक माणसांच्या संख्येत नसून ती माणसे ऊर्जा कशातून मिळवतात आणि किती वापरतात, यात आहे.

पुढची पायरी ऊर्जा, शेती, जमीन आणि अर्थव्यवस्था यांचा एकत्र हिशेब करणाऱ्या संगणकीय प्रारूपांची. असे काम करणारे गट नेदरलँड्समध्ये, जपानमध्ये, अमेरिकेत, जर्मनीतल्या पोट्सडाम येथे आणि व्हिएन्नाजवळच्या लॅक्सेनबुर्ग येथे आहेत. ही प्रारूपे प्रथम विचारतात: या कथेतल्या जगाने हवामानासाठी वेगळे काहीच केले नाही, तर दरवर्षी किती कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि धूर हवेत जाईल? मग विचारतात: याच जगाला उत्सर्जन अमुक पातळीवर आणायचे असेल तर काय करावे लागेल? म्हणून एकाच कथेला वेगवेगळे दुसरे आकडे जोडता येतात. पण कुठलीही कथा कुठल्याही आकड्याला जोडता येत नाही. तिसऱ्या कथेच्या भांडणाऱ्या, गरीब जगात २.६ ची पातळी गाठण्याचा मार्ग या प्रारूपांना सापडलाच नाही. देश एकत्र येत नसतील आणि तंत्रज्ञान पसरत नसेल, तर उत्सर्जन तितके वेगाने खाली आणता येत नाही. कथेची गरज इथे कळते. नुसते उत्सर्जनाचे आकडे मांडले असते, तर ही अडचण दिसलीच नसती.

दुसऱ्या आकड्याचे एकक आहे वॅट प्रति चौरस मीटर. ८.५ म्हणजे औद्योगिकीकरणापूर्वीच्या तुलनेत पृथ्वीच्या दर चौरस मीटरवर सरासरी साडेआठ वॅट जादा ऊर्जेचा दाब. घरात लावतो तसा साधारण ९ वॅटचा एक एलईडी बल्ब समुद्र, वाळवंट, शेत, शहर अशा प्रत्येक चौरस मीटरवर रात्रंदिवस पेटता ठेवला, तर जवळपास तेवढे होईल. इथे एक सामान्य गैरसमज टाळायला हवा. ४.५ किंवा ८.५ हे तापमानवाढीचे अंश नव्हेत. एसएसपी २-४.५ या मार्गावर वाढ साडेचार अंशांची नसून तिचा मध्य-अंदाज २.७ अंश आहे.

ओळींना शक्यतेचे माप नाही

आता पाचही ओळी शतकअखेरीच्या आकड्यांसह मांडू. कंसातला पल्ला ‘नव्वद टक्के खात्रीचा’ आहे, म्हणजे त्या मार्गावर प्रत्यक्ष वाढ या दोन टोकांच्या मध्ये पडण्याची शक्यता दहात नऊ.

एसएसपी १-१.९: १.४ अंश (१.० ते १.८)
एसएसपी १-२.६: १.८ अंश (१.३ ते २.४)
एसएसपी २-४.५: २.७ अंश (२.१ ते ३.५)
एसएसपी ३-७.०: ३.६ अंश (२.८ ते ४.६)
एसएसपी ५-८.५: ४.४ अंश (३.३ ते ५.७)

नव्वद टक्के हे माप प्रत्येक ओळीच्या आत लागू आहे. ओळी-ओळींमध्ये मात्र शक्यतेचे कोणतेही माप दिलेले नाही. पाचही मार्ग सारखेच संभाव्य आहेत असे अहवाल म्हणत नाही, आणि मधला मार्ग मध्ये आहे म्हणून तो सर्वांत संभाव्य, असेही म्हणत नाही. त्यामुळे पाचही आकड्यांची सरासरी काढणे चुकीचे आहे. जग कोणत्या मार्गाने जाईल हे पुढच्या सरकारांच्या, कारखान्यांच्या, मतदारांच्या निर्णयांवर ठरणार आहे आणि भौतिकशास्त्राला त्याची टक्केवारी काढता येत नाही.

तरीही आज आपण कुठे उभे आहोत, याचा अंदाज बांधता येतो. एसएसपी १-१.९ मध्ये कार्बन डायऑक्साइडचे निव्वळ उत्सर्जन २०५० च्या सुमारास शून्यावर येते. एसएसपी २-४.५ मध्ये ते शतकाच्या मध्यापर्यंत आजच्या पातळीच्या आसपास राहून मग उतरते. एसएसपी ३-७.० मध्ये ते २१०० पर्यंत दुप्पट होते, आणि एसएसपी ५-८.५ मध्ये २०५० पर्यंतच दुप्पट होते. याच समितीच्या २०२२ च्या तिसऱ्या खंडात असे म्हटले आहे, की २०२० अखेरपर्यंत लागू झालेल्या धोरणांपलीकडे काही केले नाही, तर २१०० पर्यंत मध्य-अंदाज ३.२ अंशांचा निघतो. म्हणजे तो धोरण-मार्ग दुसऱ्या आणि तिसऱ्या कथांच्या ओळींमध्ये कुठेतरी बसतो.

इथेच ८.५ चा प्रश्न येतो. अनेक वर्षे या सर्वांत वरच्या मार्गाला ‘काहीच केले नाही तर असे होईल’ असे संबोधले गेले. त्यामागे कोळशाचा वापर प्रचंड वाढेल असे गृहीत होते. सौरऊर्जा आणि पवनऊर्जा स्वस्त झाल्यानंतर ते गृहीतक कमजोर झाले, आणि अशा अतिउच्च उत्सर्जनाची शक्यता कमी मानली जाते, हे सहाव्या अहवालातही नोंदले आहे. म्हणून एखाद्या बातमीत किंवा संशोधनात शतकअखेरीचा भयावह आकडा दिसला तर पहिला प्रश्न हा विचारावा: हा कोणत्या ओळीतला आहे? उत्तर ८.५ असेल, तर तो आकडा कमी संभाव्य अशा कडेचा आहे, अपेक्षित भविष्याचा नव्हे. पण म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. पृथ्वीचा प्रतिसाद अपेक्षेपेक्षा तीव्र निघाला, तर चार अंशांची वाढ ३-७.० च्या मार्गावरही पल्ल्यात येते. चार अंशांच्या जगात पिकांचे, पुराचे, उन्हाचे काय होते, हे समजून घ्यायला वरच्या ओळीचा अभ्यास उपयोगी पडतो.

एकाच ओळीत इतका पल्ला का?

समजा मार्ग ठरला: एसएसपी २-४.५. दरवर्षी किती वायू हवेत जाणार हे पक्के ठरले. तरीही उत्तर २.१ ते ३.५ असे का? कारण तेवढ्याच वायूला पृथ्वी नेमकी किती तापून उत्तर देईल, याचे अचूक ज्ञान अजून नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला आणि पृथ्वीला नवा समतोल गाठायला पुरेसा काळ मिळाला, तर तापमान किती वाढेल, याला हवामान-संवेदनशीलता म्हणतात. सहाव्या अहवालानुसार तिचा मध्य-अंदाज ३ अंश आहे आणि नव्वद टक्के खात्रीचा पल्ला २ ते ५ अंश. सर्वांत मोठी अडचण ढगांची आहे. तापलेल्या जगात समुद्रावरचे खालच्या थरातले ढग विरळ झाले, तर सूर्यप्रकाश परत पाठवणारे आच्छादन कमी होते आणि तापमान आणखी वाढते. हे किती प्रमाणात होईल यावर प्रारूपांमध्ये मतभेद आहेत.

या अहवालासाठी जगभरच्या अनेक संस्थांनी आपली प्रारूपे एकाच नियमावलीनुसार चालवली. त्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, तयार केलेले पृथ्वी-प्रणाली प्रारूपही होते. या फेरीत काही परदेशी प्रारूपांची संवेदनशीलता पाच अंशांच्याही वर निघाली. त्यांना मागच्या काही दशकांचे तापमान काढायला सांगितले, तर प्रत्यक्ष मोजणीपेक्षा ती जास्त वेगाने तापताना दिसली. म्हणून समितीने प्रथमच सर्व प्रारूपांची सरळ सरासरी न घेता, प्रत्यक्ष तापमाननोंदी, प्राचीन हवामानाचे पुरावे आणि भौतिक समज यांची कसोटी लावून पल्ला ठरवला. वर दिलेले पाच पल्ले या गाळणीतून निघालेले आहेत.

याचा परिणाम अगदी व्यावहारिक आहे. एखाद्या शहराचा हवामान आराखडा करताना प्रारूपांची कच्ची आकडेवारी उतरवून तिची सरासरी काढली, तर उत्तर समितीच्या पल्ल्यापेक्षा वर सरकू शकते, कारण त्या सरासरीत अतितापणारी प्रारूपेही बसलेली असतात. म्हणून अहवालात ‘प्रारूपांची सरासरी’ लिहिले आहे की ‘मूल्यांकित पल्ला’, हे पाहणे महत्त्वाचे.

२०४० पर्यंत ओळी एकत्र का चालतात?

तक्त्याचा आणखी एक स्तंभ वाचकाला बुचकळ्यात टाकतो. २०२१ ते २०४० या काळासाठी पाचांपैकी चार ओळींचा मध्य-अंदाज १.५ अंश आहे आणि सर्वांत वरच्या ओळीचा १.६. उत्सर्जन कमी करा किंवा दुप्पट करा, फरक एक दशांश अंशाचा? मग खटाटोप कशासाठी, असा प्रश्न इथे हमखास विचारला जातो.

उत्तर एका छोट्या हिशेबात आहे. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके हवेत साचत राहतो, त्यामुळे तापमान एका वर्षाच्या उत्सर्जनावर अवलंबून नसून आजवरच्या एकूण साठ्यावर अवलंबून असते. दर एक लाख कोटी टनांमागे वाढ सुमारे ०.४५ अंश धरली जाते. आज जग वर्षाला सुमारे ४,००० कोटी टन सोडते. समजा एका मार्गावर वीस वर्षे हेच चालू राहिले: एकूण ८०,००० कोटी टन. दुसऱ्या मार्गावर उत्सर्जन सारख्या वेगाने उतरत वीस वर्षांत निम्म्यावर आले: सरासरी वर्षाला ३,००० कोटी, एकूण ६०,००० कोटी टन. फरक २०,००० कोटी टनांचा, म्हणजे तापमानात ०.०९ अंशाचा. एवढी मोठी कपात करूनही वीस वर्षांनंतर तापमापीवर एक दशांश अंशसुद्धा फरक पडत नाही.

शिवाय तापमान दरवर्षी आपल्या चालीनेही हलते. एल निन्योच्या वर्षी ते वर जाते, ला निन्याच्या वर्षी खाली येते. कुठल्याही एका वर्षी नैसर्गिक चढउताराने जागतिक सरासरी पाव अंशापर्यंत इकडेतिकडे होऊ शकते. ०.०९ अंशाचा फरक त्या हालचालीत झाकून जातो. ही तिसरी अनिश्चितता, आणि ती जवळच्या भविष्यात सर्वांत ठळक असते. २०२४ हे वर्ष जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने सुमारे १.५५ अंशांवर गेले. आयपीसीसीच्या तक्त्यातले १.५ हे वीस वर्षांच्या सरासरीचे आहेत. म्हणून एका वर्षाने ती रेषा ओलांडली, एवढ्यावरून अंदाज चुकले किंवा पॅरिस कराराची मर्यादा कायमची गेली, असे दोन्हींपैकी काहीच सिद्ध होत नाही.

पण त्या हिशेबात आणखी एक गोष्ट आहे. पहिल्या वीस वर्षांच्या शेवटी एक मार्ग वर्षाला ४,००० कोटींवर आहे आणि दुसरा २,००० कोटींवर. इथून पुढे दोघांमधले अंतर दरवर्षी पूर्ण वेगाने वाढत जाते. २०४१ ते २०६० या काळात सर्वांत खालची आणि सर्वांत वरची ओळ १.६ आणि २.४ वर पोहोचतात, आणि शतकाच्या शेवटी १.४ आणि ४.४ वर. फरक उशिरा दिसतो, पण तो घडतो या पहिल्या वीस वर्षांत सुरू झालेल्या वळणामुळे.

दोन अहवाल, एकच आकडा

आता आपल्याकडचे एक उदाहरण घेऊ. जून २०२० मध्ये केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने भारतीय प्रदेशातील हवामान बदलाचा आढावा घेणारा अहवाल प्रसिद्ध केला. तो पुण्याच्या आयआयटीएममधील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने तयार झाला होता. त्यात म्हटले आहे की शतकाच्या अखेरीस भारताचे सरासरी तापमान सुमारे ४.४ अंशांनी वाढेल. आणि वर पाहिलेल्या जागतिक तक्त्याच्या शेवटच्या ओळीतही ४.४ आहे. दोन्ही आकडे समोर ठेवले तर कोणालाही वाटेल की भारत जगाइतकाच तापणार.

प्रत्येक आकड्याला चार प्रश्न विचारून पाहू. कोणत्या जागेचा? एक भारताचा, दुसरा समुद्रासह संपूर्ण पृथ्वीचा. कोणत्या मार्गावरचा? भारतीय अहवाल जुन्या पिढीच्या मार्गांवर आधारलेला आहे, ज्यांत सामाजिक कथा जोडलेल्या नव्हत्या. त्यातला ८.५ चा मार्ग नव्या एसएसपी ५-८.५ च्या जवळचा आहे, पण तंतोतंत तोच नाही. कोणत्या काळाचा? दोन्ही शतकअखेरीचे. आणि सर्वांत महत्त्वाचे, कशाच्या तुलनेत? जागतिक आकडा १८५० ते १९०० शी तुलना करतो. भारतीय आकडा १९७६ ते २००५ या काळाच्या सरासरीशी.

या शेवटच्या उत्तराने चित्र बदलते. १८५०–१९०० पासून १९८६–२००५ पर्यंत जग आधीच ०.६९ अंशाने तापले होते. म्हणजे जागतिक ४.४ अलीकडच्या तुलनाकाळावर आणला, तर तो साधारण पावणेचारवर उतरतो. एकाच धर्तीच्या मापाने मोजल्यावर जगासाठी सुमारे पावणेचार आणि भारतासाठी ४.४. भारत या मार्गावर जागतिक सरासरीपेक्षा जास्त तापताना दिसतो. यात नवल नाही, कारण जमीन समुद्रापेक्षा वेगाने तापते. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीवरची जमीन १.५९ अंशांनी तापलेली होती, तर समुद्राचा पृष्ठभाग ०.८८ अंशाने.

पण याच भारतीय अहवालात असेही आहे की १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. जागतिक वाढीपुढे हा आकडा कमी वाटतो आणि ‘भारत फारसा तापत नाही’ असा अर्थ त्यातून काढला जातो. त्याच अहवालात कारणही दिले आहे: हरितगृह वायूंनी केलेली वाढ हवेतल्या धूलिकणांनी आणि जमिनीच्या वापरातल्या बदलांनी अंशतः झाकली आहे. धूर आणि धूलिकण काही दिवसांत हवेतून खाली बसतात, कार्बन डायऑक्साइड बसत नाही. जसजशी हवा स्वच्छ होईल, तसतसे ते आच्छादन निघेल. म्हणून मागच्या शतकाचा वेग पुढच्या शतकावर सरळ रेषेने ओढता येत नाही.

हेच चार प्रश्न पावसाच्या आकड्यांना विचारताना अधिक सावध राहावे लागते. तापमानाच्या बाबतीत सर्व प्रारूपे वाढीवर एकमत आहेत, वाद फक्त किती याचा आहे. दक्षिण आशियाचा मान्सून दीर्घकाळात वाढेल, असे सहावा अहवाल म्हणतो. पण एखाद्या तालुक्याचा पाऊस २०५० मध्ये वाढेल की घटेल, यावरच प्रारूपे फुटू शकतात. तिथे नुसता मध्य-अंदाज दिलेला असेल आणि पल्ला दिलेला नसेल, तर त्या आकड्यावर विहिरी आणि बंधाऱ्यांचे निर्णय घेऊ नयेत.

निर्णयाचे आयुष्य आणि ओळीची निवड

मग प्रत्यक्ष कामात कोणती ओळ धरायची? याचे उत्तर निर्णय किती वर्षे टिकणारा आहे यावर ठरते. समुद्रपातळी घेऊ. १९९५–२०१४ च्या तुलनेत २०५० पर्यंत जागतिक समुद्रपातळी सर्वांत खालच्या मार्गावर १५ ते २३ सेंटिमीटर वाढेल, सर्वांत वरच्या मार्गावर २० ते २९. दोन्ही पल्ले एकमेकांत मिसळलेले आहेत. म्हणजे रत्नागिरी किंवा मुंबईच्या किनाऱ्यावर पंचवीस वर्षे वापरायचे एखादे साधे बांधकाम असेल, तर मार्ग कोणता यावर वाद घालण्याची गरज नाही. त्या ठिकाणची जमीन खचते की उचलली जाते, भरती किती चढते, हे जास्त महत्त्वाचे.

२१०० साठी मात्र आकडे २८ ते ५५ सेंटिमीटर आणि ६३ सेंटिमीटर ते १.०१ मीटर असे पूर्ण वेगळे होतात. शंभर वर्षे टिकायला हवा असा पूल, बंदराचा धक्का किंवा सांडपाण्याची मुख्य वाहिनी असेल, तर फक्त मधली ओळ धरणे धोक्याचे. इथे एक बारीक फरकही लक्षात ठेवावा. तापमानाचा पल्ला नव्वद टक्के खात्रीचा होता, समुद्रपातळीचे हे पल्ले साधारण ६६ टक्के खात्रीचे आहेत. तीनांत एका वेळी उत्तर पल्ल्याबाहेर जाऊ शकते. अंटार्क्टिका आणि ग्रीनलँडमधल्या हिमस्तरांचे वर्तन नीट कळलेले नसल्यामुळे, सर्वांत वरच्या मार्गावर २१०० पर्यंत दोन मीटरच्या जवळ जाणारी वाढ नाकारता येत नाही, असे अहवाल स्पष्ट सांगतो. नुकसान परत भरून न येणारे असेल तिथे पल्ल्याच्या मध्याकडे न बघता वरच्या टोकाकडे, आणि त्याच्याही पलीकडे बघावे लागते.

ओळी एकमेकांवर चढतात तेव्हा

शेवटी तक्त्यातली सर्वांत फसवी जागा. एसएसपी २-४.५ चे वरचे टोक ३.५ अंश आहे आणि एसएसपी ५-८.५ चे खालचे टोक ३.३. मधल्या मार्गाचा वाईट शेवट सर्वांत वाईट मार्गाच्या चांगल्या शेवटाहून गरम. यावरून असे म्हणता येईल का, की नशीब चांगले असेल तर भरमसाट उत्सर्जन करूनही आपण सावध जगापेक्षा थंड राहू?

नाही, कारण पृथ्वी एकच आहे. तिची संवेदनशीलता जी काही असेल, ती प्रत्येक मार्गावर तीच राहणार. ती कमी असेल, तर दोन्ही मार्गांवर कमी. जास्त असेल, तर दोन्हींवर जास्त. म्हणून एका ओळीचे वरचे टोक दुसरीच्या खालच्या टोकाशी ताडणे म्हणजे दोन वेगळ्या पृथ्वींची तुलना करणे. योग्य तुलना खालची खालच्याशी आणि वरची वरच्याशी.

तशी तुलना केली तर काय दिसते? पृथ्वीचा प्रतिसाद सौम्य निघाला, तर मधल्या मार्गावर साधारण २.१ आणि वरच्या मार्गावर ३.३: फरक १.२ अंशांचा. प्रतिसाद तीव्र निघाला, तर ३.५ आणि ५.७: फरक २.२ अंशांचा. म्हणजे पृथ्वी जितकी संवेदनशील निघेल, तितका उत्सर्जन कमी केल्याचा फायदा मोठा. ती कशी निघेल हे आज नक्की ठाऊक नाही, आणि नेमके हे ठाऊक नसणेच कपात लांबणीवर टाकण्याचे कारण म्हणून वारंवार पुढे केले जाते. तक्त्यातले आकडे त्याच्या उलट बाजूने उभे आहेत. ‘शास्त्रज्ञांनाच नक्की माहीत नाही, तर थांबून पाहू’ असे कोणी म्हटले, तर त्याला हीच वजाबाकी दाखवावी: सौम्य पृथ्वीवर थांबण्याची किंमत सव्वा अंश, तीव्र पृथ्वीवर सव्वादोन.